एकाच टीमचे चार रेझ्युमे: हॅकेथॉननंतरच्या दहा दिवसांचे प्रकरण

प्रायोजक कंपनीच्या रिक्रूटरने समारोपाला “तुमचे रेझ्युमे पाठवा” म्हटले की पुढे काय होते, ते एका टीमच्या उदाहरणातून इथे मांडले आहे. प्रकरण नमुन्यादाखल रचलेले आहे. त्यातल्या चुका मात्र अशा स्पर्धांनंतर हटकून दिसणाऱ्या आहेत.

प्रसंग

फेब्रुवारीतला रविवार. फोंडा तालुक्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात 24 तासांचे हॅकेथॉन दुपारी तीनला संपले. तिसऱ्या वर्षाच्या चौघांची टीम पहिल्या दहांत आली, बक्षीस मात्र हुकले. त्यांनी रायबंदर–चोडण फेरीधक्क्यावरच्या वाहनांच्या रांगेचा अंदाज देणारे ॲप केले होते. धक्क्यावरच्या फोटोतली वाहने मोजायची, रांग लांब असेल तर लोकांना संदेश पाठवायचा. संदेश पाठवण्यासाठी प्रायोजक कंपनीची चाचणीपुरती एपीआय की वापरली होती.

समारोपाला रिक्रूटर मॅडमनी पडद्यावर क्यूआर कोड दाखवला. “फॉर्म मंगळवार संध्याकाळपर्यंत भरा. आणि ज्यांना उन्हाळी इंटर्नशिप हवी आहे त्यांनी मला दोन ओळींचा मेलही करा.”

या दोन वाक्यांत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फॉर्ममधली माहिती एका शीटमध्ये जाते. तिथे पासआउट वर्ष, शाखा, सीजीपीए आणि बॅकलॉग या रकान्यांवर गाळणी लागते. मेल मात्र माणूस वाचतो आणि पटले तर इंजिनिअरकडे पुढे ढकलतो. फॉर्म न भरता नुसता मेल केला तर शीटमध्ये नाव नसते, आणि नुसता फॉर्म भरला तर दीडशे ओळींतली एक ओळ होऊन राहते. त्यामुळे दोन्ही करायचे, आणि दोन्हीत माहिती एकच ठेवायची.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या लक्षात येत नाही. रिक्रूटर शीट लावताना टीमच्या नावाने लावतो, कारण त्याच्या आठवणीत व्यक्ती नसते, प्रोजेक्ट असतो. “ते फेरीबोटवाले” असे म्हणून तो शोधतो आणि चार रेझ्युमे एकाखाली एक उघडतात. या प्रकरणातला सगळा गुंता तिथूनच सुरू होतो.

रविवार रात्र: तीन घाईचे मेल

टीमप्रमुखाने रात्री नऊलाच मेल टाकला. रेझ्युमेत लिहिले होते: “चार जणांच्या टीमचे नेतृत्व केले, वाहने मोजणारी संपूर्ण प्रणाली विकसित केली, अचूकता 95%.” स्क्रीनचे काम केलेल्या दुसऱ्यानेही “संपूर्ण प्रणाली विकसित केली” असेच लिहिले. तिसऱ्याने रेझ्युमेची फाइल न जोडता ड्राइव्हची लिंक दिली. चौथी विद्यार्थिनी तोवर कदंबची बस पकडून वाळपईला घरी पोचली होती आणि झोपली होती. प्रत्यक्षात वाहने मोजण्याचा भाग तिने लिहिला होता.

सोमवारी सकाळी गटाच्या चॅटवर तिने टीमप्रमुखाचा रेझ्युमे पाहिला आणि विचारले, “95% कुठून आले रे?” हा प्रश्न एखाद्या इंजिनिअरने मुलाखतीत विचारला असता तर टीमचे काम तिथेच संपले असते. 95 हा आकडा डेमोच्या वेळी एका गाडीभोवतीच्या चौकटीवर 0.95 असा दिसत होता. त्या चौकटीत गाडी आहे याची मॉडेलला वाटणारी खात्री म्हणजे तो आकडा. दहा गाड्यांपैकी सहाच दिसल्या आणि त्या सहांवर 0.95 उमटले, तरी मोजणी चुकलेलीच असते. खात्री आणि अचूकता यांतला हा घोटाळा हॅकेथॉनच्या रेझ्युमेंत इतका नेहमीचा आहे की तपासणारा आधी तेच बघतो.

सोमवार संध्याकाळ: कॅन्टीनमधला पाऊण तास

चौघे कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये बसले आणि रेपॉझिटरी उघडली. पहिली आज्ञा ही दिली:

```
$ git shortlog -sne --all
    71  member1 <member1@example.com>
     9  member2 <member2@example.com>
     3  User <user@DESKTOP-LAB>
```

एकूण 83 कमिट, त्यांतले 71 टीमप्रमुखाचे. चौथीचे नाव कुठेच नाही. पहाटे दोनला तिच्या लॅपटॉपवरून पुश होत नव्हते, म्हणून तिने पेन ड्राइव्हवर फाइली दिल्या आणि टीमप्रमुखाने त्या आपल्या मशीनवरून चढवल्या. तिसऱ्याचे तीन कमिट लॅबच्या संगणकावरून गेले होते, जिथे गिटमध्ये त्याचे नाव घातलेलेच नव्हते. `DESKTOP-LAB` सारखा पत्ता गिटहब खात्याला जोडता येत नाही, त्यामुळे ते तीन कमिट निनावीच राहणार.

“आपण इतिहासच बदलूया ना, कमिटवर हिचे नाव घालूया,” टीमप्रमुख म्हणाला. तांत्रिकदृष्ट्या ते जमते. पण स्पर्धेच्या वेळी जमा केलेल्या कमिटचा हॅश आयोजकांकडे नोंदलेला असू शकतो. मुदत संपल्यावर इतिहास बदलला तर हॅश जुळत नाही आणि निकालानंतर काहीतरी फिरवल्यासारखे दिसते. कोणी तपासले नाही तरी ही जोखीम घेण्याइतके त्यातून काही मिळत नाही. त्यापेक्षा जमा केलेल्या कमिटला टॅग लावावा, इतिहास जसाच्या तसा ठेवावा आणि रीडमीमध्ये कोणी काय केले ते फाइलींच्या नावांसह लिहावे. त्यांनी तसेच केले:

```
count.py, eval.csv   – member4 (committed from member1's laptop)
server.py            – member1
web/                 – member2
notify.py            – member3
```

कंसातले शब्द महत्त्वाचे आहेत. कमिट एकाच्या नावावर आणि दावा दुसऱ्याचा, असे दिसले की वाचणाऱ्याला शंका येते. कारण तिथेच लिहिले की शंका फिटते. आणि ही ओळ टीमप्रमुखाच्या खात्यातून चढली, म्हणजे ज्याच्या नावावर 71 कमिट आहेत त्याचीच ती कबुली झाली. चौथीने स्वतः लिहिली असती तर तिला एवढे वजन आले नसते.

मग प्रत्येकाने आपली रेझ्युमेतली ओळ मोठ्याने वाचून दाखवली आणि बाकीच्या तिघांनी ती मान्य केली. टीमप्रमुखाने “नेतृत्व केले” काढले आणि “सर्व्हर लिहिला, चार भाग एकत्र जोडले” असे लिहिले. त्याला वाटले की आपले वजन कमी झाले. खरे तर वाढले, कारण पहाटे चारला चौघांचे भाग एकत्र चालवणे हे अवघड काम आहे आणि इंजिनिअरला त्याची किंमत कळते. विद्यार्थ्यांच्या रेझ्युमेतल्या “नेतृत्व” या शब्दाकडे मात्र त्याचे लक्षही जात नाही.

चौथीच्या ओळीसाठी त्यांनी `eval.csv` उघडली. तिने धक्क्यावरचे 40 फोटो हाताने मोजून त्यांची मॉडेलच्या आकड्यांशी तुलना केली होती. 31 फोटोंत फरक दोन वाहनांच्या आत होता. चुकलेल्या नऊपैकी सात फोटो दिवेलागणीनंतरचे होते. तिची ओळ अशी झाली: “फेरीधक्क्याच्या 40 फोटोंवर वाहनमोजणी तपासली, 31 मध्ये चूक दोन वाहनांच्या आत, अंधार पडल्यावर मोजणी बिघडते.” शेवटचा भाग काढून टाकावा असे दुसऱ्याचे म्हणणे होते. तिने तो ठेवला, आणि आमच्या मते तिचा निर्णय बरोबर होता. मर्यादा माहीत असलेला माणूस पुढचा प्रश्न स्वतःच ठरवतो. मुलाखत मग “अंधारात का बिघडते” इथून सुरू होते, आणि त्याचे उत्तर तिच्याकडे तयार असते.

कीचे काय करायचे

रीडमी लिहिताना तिसऱ्याच्या लक्षात आले की `.env` फाइलही रेपॉझिटरीत गेली आहे. तिच्यात प्रायोजकाची चाचणी की होती. रेपॉझिटरी सार्वजनिक होती आणि तिची लिंक रविवारीच मेलमधून कंपनीकडे गेली होती. म्हणजे कंपनीचा इंजिनिअर लिंक उघडणार आणि त्याला आपल्याच घरची किल्ली दारात लटकलेली दिसणार.

तिसऱ्याने लगेच फाइल काढून नवा कमिट करायला घेतला. तेवढ्याने काही साधत नाही. `.gitignore` मध्ये नाव घातले तरी आधीपासून नोंदलेली फाइल तशीच राहते, आणि `git rm --cached .env` केले तरी जुन्या कमिटमध्ये की वाचता येते. कोणीही ही आज्ञा दिली की ती दिसते:

```
git log -p --all -- .env
```

आधी करायचे काम म्हणजे की मारणे. एकदा सार्वजनिक झालेली की उघडीच समजायची, कारण अशा रेपॉझिटरी चाळत फिरणारे बॉट असतात आणि कोणी क्लोन घेतला असेल तर तो आपल्या हातात नाही. की कंपनीची असल्यामुळे ती बंदही कंपनीनेच करायची. म्हणून कंपनीच्या मेंटरला कळवणे भाग होते.

इथे चौघेही अडखळले. नोकरी मागायची त्याच दिवशी चूक सांगायची? पण मेंटर लिंक उघडेल तेव्हा त्याला ते दिसणारच होते. प्रश्न एवढाच होता की त्याला ते स्वतः सापडावे की आपण सांगावे. तिसऱ्याने स्पर्धेच्या चॅट गटातून मेंटरला थेट संदेश केला: “सर, आमच्या सार्वजनिक रेपॉझिटरीत शनिवारी रात्रीपासून सँडबॉक्स की राहिली होती. चूक माझी. फाइल काढली आहे, पण जुन्या कमिटमध्ये ती दिसते. कृपया की बंद करा.” काय झाले, कधीपासून, आपण काय केले, त्यांनी काय करायचे, एवढेच त्यात आहे. लांबलचक माफी नाही, आणि रेझ्युमेचा विषयही नाही. अर्ध्या तासाने उत्तर आले की की बंद केली.

की मेल्यावर इतिहास `git filter-repo` ने धुवायचा का? या प्रकरणात नको. बंद कीपासून धोका नाही, आणि धुतले तर फाइल शिरली तिथपासूनचे सगळे हॅश बदलतात, म्हणजे मघाचाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. इतिहासात की नसून कोणाचा फोन नंबर किंवा प्रायोजकाने विश्वासाने दिलेला डेटा असता तर निर्णय उलट झाला असता. तो रद्द करता येत नाही, म्हणून तिथे आयोजकांना आधी सांगून इतिहास धुवावाच लागतो.

फाइल आणि मेल

रेझ्युमे एक पानाचा, पीडीएफ, मेललाच जोडलेला. तिसऱ्याची ड्राइव्हची लिंक त्याच्या स्वतःच्या ब्राउझरमध्ये छान उघडत होती, कारण तो आपल्याच खात्यात लॉगिन होता. इनकॉग्निटो खिडकीत उघडल्यावर “परवानगी मागा” असे पान आले. रिक्रूटर परवानगी मागत बसत नाही, पुढच्या मेलकडे जातो.

टीमप्रमुखाचा रेझ्युमे दोन रकान्यांच्या सजवलेल्या टेम्प्लेटमध्ये होता. पीडीएफ उघडून सगळा मजकूर निवडून नोटपॅडमध्ये चिकटवला, तर डावीकडची कौशल्ये आणि उजवीकडचे प्रोजेक्ट ओळीआड एकमेकांत मिसळले. रेझ्युमे वाचणाऱ्या सॉफ्टवेअरलाही बऱ्याचदा असेच दिसते. काही टेम्प्लेटमधून तर अक्षरांऐवजी चित्रच बाहेर पडते आणि नोटपॅडमध्ये काहीच येत नाही. त्याने एका रकान्याचा साधा रेझ्युमे केला. वीस मिनिटे लागली.

वैयक्तिक माहितीत शहर, फोन आणि मेल पुरे. दुसऱ्याने जन्मतारीख, वडिलांचे नाव आणि घराचा पूर्ण पत्ता लिहिला होता, तो काढला. आधार किंवा पॅन या टप्प्यावर कोणी मागितले, किंवा पैसे भरायला सांगितले, तर समोरची व्यक्ती त्या कंपनीची नाही असेच धरावे. मेलचा पत्ता कंपनीच्या स्वतःच्या डोमेनचा आहे ना, हे क्यूआर कोड स्कॅन केल्यावर लगेच पाहून घ्यावे.

चौथीने मंगळवारी सकाळी साडेदहाला मेल पाठवला. मूळ मेल इंग्रजीत होता. आशय असा:

> विषय: रेझ्युमे – फेरीबोट रांग टीम – 2027 बॅच – मे-जून इंटर्नशिप
>
> नमस्कार मॅडम,
> रविवारी फेरीधक्क्यावरच्या रांगेचा डेमो दाखवणाऱ्या टीममध्ये मी होते. वाहने मोजण्याचा भाग आणि त्याची 40 फोटोंवरची तपासणी माझी. तुम्ही सांगितल्याप्रमाणे फॉर्म भरला आहे आणि रेझ्युमे जोडला आहे.
> मे-जूनमध्ये आठ आठवडे उपलब्ध आहे; पुण्यात येऊन काम करण्याची तयारी आहे.
> कोड आणि दीड मिनिटाचा व्हिडिओ: (दोन लिंक)

विषयाच्या ओळीत टीमची ओळख, पासआउट वर्ष आणि काय हवे ते आले. मेल न उघडताही तो योग्य फोल्डरमध्ये टाकता येतो. पुण्याचा उल्लेख मुद्दाम केला आहे. कंपनीचे कार्यालय गोव्यात नव्हते, आणि गोव्यातल्या विद्यार्थ्याबद्दल रिक्रूटरच्या मनात पहिला प्रश्न “बाहेर येईल का” हाच असतो. तयारी नसेल तर तेही स्पष्ट लिहावे, नाहीतर दोन फेऱ्या पार करून तिथेच अडते. व्हिडिओ एवढ्यासाठी की डेमो मोफत सर्व्हरवर होता. असा सर्व्हर थोडा वेळ कोणी आले नाही की झोपतो, आणि पहिले पान उघडायला मिनिटभर घेतो. तेवढा वेळ कोणी थांबत नाही.

टीमप्रमुख आणि दुसरा यांचे मेल रविवारीच गेले होते. दोघांनी त्याच मेलला उत्तर म्हणून दुरुस्त रेझ्युमे पाठवला: “कामाची विभागणी नीट लिहून फाइल बदलली आहे, कृपया हीच धरावी.” एक दुरुस्ती चालते. तिसरी आवृत्ती पाठवली तर रिक्रूटर वैतागतो आणि पहिलीच ठेवतो. तिसऱ्याने लिंकऐवजी फाइल जोडून दुसरा मेल केला, पण तो बुधवारी. शीट मंगळवारी संध्याकाळीच उतरवून घेतली गेली होती.

सोमवारीच त्यांनी प्लेसमेंट सेलच्या सरांनाही कळवले होते. हीच कंपनी पुढच्या वर्षी कॅम्पसवर आली, तर आधी दिलेली मुलाखत लपवल्यासारखी होऊ नये म्हणून. शिवाय इंटर्नशिपसाठी कॉलेजचे ना हरकत पत्र लागते, ते तिथूनच मिळते.

उत्तर न येणारे दिवस

आठवडाभर उत्तर आले नाही. तसे येतच नाही. रिक्रूटर आधी यादी करतो, मग कोणत्या टीमला इंटर्न हवा आहे ते विचारतो, आणि जागा मंजूर झाली की मेल उघडतो. तिसऱ्या दिवशी “मॅडम, काही अपडेट?” विचारणाऱ्याला देण्यासारखे त्यांच्याकडेही काही नसते. लिंक्डइनवर, फोनवर आणि मेलवर एकदमच विचारणाऱ्याचे नाव लक्षात राहते, पण चांगल्या कारणासाठी नाही.

दहाव्या दिवशी चौथीने त्याच मेलच्या उत्तरात दोन ओळी लिहिल्या: “अंधारातले आणखी 15 फोटो घेऊन मोजणी तपासली, 15 पैकी 6 बरोबर आल्या. हेडलाइटच्या झोतात मागच्या दुचाकी दिसत नाहीत असे आढळले. नोंद रेपॉझिटरीत आहे.” आठवणही झाली आणि कळवण्यासारखे काही नवेही होते. हाती नवे काही नसेल तर एवढ्याच दिवसांनी एक साधी आठवण करावी, आणखी दोन आठवड्यांनी शेवटची एक, आणि मग थांबावे.

दुसऱ्या दिवशी उत्तर आले की इंजिनिअरशी वीस मिनिटे बोलणे होईल. इंजिनिअरने रेपॉझिटरी उघडूनच सुरुवात केली. “कमिटमध्ये तुमचे नाव नाही.” तिने रीडमी दाखवला, मग `eval.csv` ची एक ओळ निवडून तो फोटो उघडला आणि त्यात मॉडेलने कोणती स्कूटर का गाळली ते सांगितले. बाकी वेळ त्या फोटोवरच गेला. त्यानंतर तिला आणि दुसऱ्याला ऑनलाइन चाचणीची लिंक आली. दोघांचे रेझ्युमे एकमेकांशी जुळत होते, त्यामुळे “नक्की कोणी केले” हा प्रश्न दुसऱ्याला विचारलाच गेला नाही. चाचणीत ती उत्तीर्ण झाली, तो झाला नाही.

इंटर्नशिपला हो म्हणण्याआधी तिने एकाच मेलमध्ये चार गोष्टी विचारून घेतल्या: विद्यावेतन किती, तारखा कोणत्या, काम कार्यालयातून की घरून, आणि ना हरकत पत्र कोणाच्या नावे हवे. ही चारही उत्तरे लेखी असल्याशिवाय पुण्यात राहण्याच्या सोयीसाठी आगाऊ पैसे भरू नयेत.

तिसऱ्याला उत्तरच आले नाही. टीमप्रमुखाला आले ते असे: “सध्या जागा नाही, रेझ्युमे नोंदीत ठेवत आहोत.” याचा अर्थ या हंगामासाठी नकार, पण शीटमध्ये नाव राहते आणि पुढच्या वर्षीच्या भरतीत ते पुन्हा उघडू शकते. त्याने फॉर्ममध्ये कॉलेजचा मेल पत्ता दिला होता, जो पदवीनंतर बंद होतो. म्हणून त्याने एका ओळीचे उत्तर पाठवले: आभार, आणि नोंदीत कॉलेजच्या पत्त्याऐवजी हा माझा स्वतःचा पत्ता घ्यावा.